आजीच्या कपाळावरची डहाळी : एका फोटोच्या दुरुस्तीचं प्रकरण

फोटो एका आजींचा. सहस्रचंद्रदर्शनाला मोठी फ्रेम करायची म्हणून नातवानं वस्तीवर, कडुलिंबाखाली काढलेला. चेहरा सुरेख आलाय, हसू अगदी आतून आलेलं, डोळ्यांवर नेमका फोकस. फक्त एक बारीक डहाळी डाव्या बाजूच्या केसांवरून निघून कपाळ तिरपं कापत उजव्या भुवईच्या वर उतरते. (डावी-उजवी इथं फोटो बघणाऱ्याची.) केसांच्या कडेवर तिचं एक पान आडवं आलंय. नातवाचा फोन आला, "दादा, तेवढी फांदी काढा की. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांच्या त्या कामाला सव्वातीन तास लागले आणि त्यात दोनदा माती खाल्ली. दोन्ही चुका शिकण्यासारख्या होत्या, म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

आधी मूळ फाइल मागवली. वॉट्सॲपवर आलेल्या प्रतीची लांब बाजू १६०० पिक्सेल होती. तिच्यात कपाळाची छिद्रं उरलेलीच नव्हती, नुसता गुळगुळीत पिवळसर पट्टा होता. जे पुन्हा उभं करायचं त्याचा नमुनाच फाइलमध्ये नसेल तर काम अंदाजावर जातं. मूळ रॉ फाइल २४ मेगापिक्सेलची, उभी ४००० बाय ६०००. ८५ मिमीची लेन्स, एफ २.८, अंतर साधारण दोन मीटर. रॉ उघडताना शार्पनिंग शून्यावर ठेवलं आणि फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये घेतली. कपाळासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगावर ८ बिटमध्ये हातानं ब्रश फिरवला की पायऱ्या दिसायला लागतात, हे एकदा प्रिंटवर भोगलेलं आहे.

सोबत त्या क्षणाच्या आगेमागे काढलेले सगळे फोटोही मागितले. नातवाला ते कशाला हवेत ते कळेना. मलाही त्यांचा खरा उपयोग नंतरच कळला.

डहाळी नेमकी केवढी

१०० टक्क्यांवर झूम करून मोजलं. डहाळीचा पूर्ण गडद, अपारदर्शक गाभा जेमतेम वीस-पंचवीस पिक्सेलचा. पण तिच्या दोन्ही अंगांना सुमारे चाळीस-चाळीस पिक्सेलची धूसर किनार. म्हणजे एकूण पट्टा शंभर पिक्सेलचा, १२ बाय १८ च्या प्रिंटवर साडेसात मिलिमीटर.

किनार येते कुठून? डहाळी आजींच्या कपाळाला टेकलेली नव्हती, वीतभर पुढं, कॅमेऱ्याच्या बाजूला होती. फोकस डोळ्यांवर. एवढ्या अंतरावर या लेन्सला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीच स्पष्ट दिसते, त्यामुळे डहाळी विरघळल्यासारखी पसरली. किनारीतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडी डहाळी आणि थोडं कपाळ मिसळलेलं आहे. आत जाल तसं डहाळीचं प्रमाण वाढतं, बाहेर याल तसं कपाळाचं. नजरेला डहाळी संपलेली वाटते तिथं ती संपलेली नसते. खरं दुखणं या किनारीत असतं. गाभा पुसणं कुणालाही जमतं.

माझी पहिली चूक इथलीच. घाई होती, म्हणून हीलिंग ब्रश घेतला, डहाळीच्या वरची स्वच्छ कातडी नमुना म्हणून धरली आणि गाभ्यावरून फिरवला. कपाळावर चहाचा ओघळ सुकल्यासारखा तपकिरी डाग उमटला. हीलिंग ब्रश नमुन्यातून पोत उचलतो, पण रंग आणि उजेड ठरवतो जिथं आपण फिरवतो त्या जागेच्या कडेवरून. माझ्या फटकाऱ्याची कड धूसर किनारीतच संपत होती, म्हणजे त्यानं डहाळीचाच रंग विचारून घेतला आणि आत पसरला. कण्टेण्ट-अवेअर फिलही एकदा करून पाहिलं. त्यानं सुरकुतीच्या मधोमध कुंकवाचा लाल तुकडा आणून बसवला. दोन्ही लेअर कचऱ्यात.

आधी रंग, मग पोत

मग ठरवलं की कातडी दोन वेगळ्या गोष्टी समजून बांधायची. एक म्हणजे उजेड आणि रंग, जो कपाळाच्या गोलाईप्रमाणे सावकाश बदलतो. दुसरी म्हणजे पोत : छिद्रं, बारीक रेघा, दाणा. लोक यासाठी फ्रिक्वेन्सी सेपरेशन करतात. मीही करतो, पण डहाळी जागेवर असताना नाही. डहाळीसारखी गडद वस्तू दोन्ही थरांत शिरून बसते आणि मग दोन्हीकडून उपटावी लागते. आधी पायाचा रंग हातानं भरणं सोपं.

नवीन रिकामा लेअर घेतला. आयड्रॉपरचा नमुना `11 by 11 Average` वर ठेवला, नाहीतर एखाद्या छिद्राचा किंवा चमकत्या ठिपक्याचा रंग हाती लागतो. किनारीच्या बाहेर आणखी पंधरा पिक्सेल सोडून नमुने घेतले. पट्ट्याच्या वरचा एक, खालचा एक, मग दोन्ही रंगांमधला पूल मोठ्या मऊ ब्रशनं बांधला : `Hardness` शून्य, `Flow` दहा टक्के. असं डावीकडून उजवीकडे बोटभर अंतरानं पुढं सरकत गेलो. एकच नमुना घेऊन सगळा पट्टा भरला असता तर कपाळ सपाट झालं असतं. आजींच्या कपाळाच्या मध्यावर तेलकट चकाकी होती, कानशिलाकडे कातडी काळसर होत जात होती. भरलेल्या पट्ट्यातही तो उतार यायलाच हवा.

किनारीच्या अगदी बाहेरच्या दहा-बारा पिक्सेलमध्ये मूळ कातडी बऱ्यापैकी शिल्लक होती. तिथं रंग न भरता मास्कमधून कर्व्ह्जनं थोडी उजळ केली. खरी छिद्रं जेवढी वाचतील तेवढी वाचवावीत. त्याहून आत हे करू नये. तिथं उजळवलं की छिद्रांऐवजी नुसता दाणा वर येतो.

पानाच्या आसपास कपाळावर हिरवट झाक होती. पानांवरून येणारा उजेड तसा असतोच. ती `Color` मोडमधल्या कर्व्ह्जनं, हिरवा चॅनल किंचित खाली ओढून कमी केली. हा कर्व्ह्ज लेअर लक्षात ठेवा, दुसरी चूक यातच आहे.

सुरकुत्या

कपाळावर तीन आडव्या आठ्या. डहाळी वरच्या दोन कापत होती. आठी म्हणजे नुसती काळी रेघ नव्हे. उजेड वरून येत असेल तर घडीत सावली पडते आणि घडीच्या खालच्या ओठावर उजेडाची बारीक कड उमटते. नुसती काळी रेघ ओढली की पेन्सिलीनं काढल्यासारखं दिसतं.

त्याच आठीचा डावीकडचा, साधारण दोनशे पिक्सेल लांबीचा तुकडा लॅसोनं उचलला, `Ctrl+J` करून नवीन लेअरवर घेतला आणि `Edit > Transform > Warp` नं वाकवून दोन्ही तुटकी टोकं जुळवली. मास्कनं टोकं विरघळवली. दुसऱ्या आठीला उजवीकडचा तुकडा वापरला, नाहीतर दोन्ही जोड एकाखाली एक सारखेच दिसले असते.

तुकडा आडवा उलटा करून दुसऱ्या बाजूला बसवायचा मोह फार होतो. इथं उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून होता. उलटवलेल्या तुकड्यात तो उजवीकडून येतो. पोताच्या पातळीवरही हेच आहे : प्रत्येक छिद्राची एक बाजू उजळ आणि एक काळोखी असते. बाजू उलटली की खळगा उंचवटा वाटतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तिथली कातडी त्याला पुरळ आल्यासारखी दिसते.

पोत

आता पट्टा रंगानं बरोबर, पण गुळगुळीत, मेण लावल्यासारखा. पोत घ्यायचा कुठून? गालावरून घेऊ नये. गालाची छिद्रं मोठी आणि ओघळलेली असतात, कपाळाची बारीक आणि आडव्या ओढीची. कानशिलावरूनही नको. कानशील मागं वळलेलं असतं, या फोटोत ते फोकसच्या बाहेर जात होतं. म्हणून डहाळीच्या लगेच वरचा, केसांच्या कडेखालचा स्वच्छ भाग घेतला. खोली तीच, ओढ तीच, उजेड तोच.

त्या भागाची प्रत काढून `Filter > Other > High Pass` लावलं. त्रिज्या ६ पिक्सेल. हा आकडा पाठ करायचा नाही. इथं कातडीच्या एका मिलिमीटरला सुमारे अकरा पिक्सेल येत होते, त्यात छिद्रं दिसली आणि कपाळाची गोलाई दिसली नाही तो आकडा सहा. चेहरा लहान असता तर तीनही चालला असता. लेअर राखाडी झाला, त्यात फक्त पोत उरला. त्याला `Linear Light` मोड दिला आणि `Opacity` ५० टक्के केली. हा मोड राखाडीपासूनचा फरक दुप्पट करून मिसळतो, म्हणून निम्म्यावर आणला की पोत मूळ जोराचा येतो. शंभरावर ठेवला तर कातडी वाळवंटासारखी दिसते.

दीडशे पिक्सेल रुंदीचे चार तुकडे वेगवेगळ्या जागांवरून घेतले आणि कडा मास्कनं एकमेकांत मिसळल्या. एकच तुकडा सरकवत गेलो असतो तर तोच तीळ तीन ठिकाणी उगवला असता. शेवटी जोड उघडे पडतात का ते `Channels` मध्ये जाऊन फक्त निळा चॅनल लावून पाहिलं. लाल चॅनल कातडीचे सगळे दोष झाकतो, निळा सगळे उघडे पाडतो. डाव्या टोकाला एक चौकोनी ठिगळ दिसलं, ते तिथंच मऊ केलं.

गोंदण

इथवर झाल्यावर एक छोटी प्रत नातवाला पाठवली. अर्ध्या तासानं फोन. "दादा, झ्याक झालंय. पण आजी म्हणती, माझं गोंदण कुठं गेलं?"

फाइल पुन्हा उघडली. मूळ फोटोत कुंकवाच्या वर दोन हिरवट ठिपके होते. एक डहाळीच्या किनारीत अर्धा बुडालेला, दुसरा तिच्या जरा वर, फिकट. पानाची झाक म्हणून मी ज्या कर्व्ह्जनं हिरवा ओढला होता, त्यानं ठिपके आधी राखाडी केले. मग पायाचा रंग भरताना तो राखाडीपणा मला डहाळीचीच घाण वाटला आणि मी तो पुसला. सत्तर-एक वर्षं कपाळावर असलेलं गोंदण मी दोन फटकाऱ्यांत उडवलं होतं.

आता बाकीचे फोटो कामाला आले. तीन फोटो आधीच्या एकात आजींचे डोळे मिटलेले, मान वळलेली, पण डहाळी कपाळावरून सरकलेली. तिथं कळलं की ठिपके दोन नव्हेत, तीन आहेत. कुंकवाच्या वर त्रिकोणात, तिसरा पूर्ण डहाळीखाली. तो भाग सरळ उचलून बसवता येत नव्हता, मानेचा कोन वेगळा होता. म्हणून कुंकू मोजपट्टी केलं. कुंकवाचा व्यास एक धरला तर पहिला ठिपका त्याच्या वरच्या कडेपासून अर्ध्या व्यासावर, दुसरे दोघे त्याच्या वर, एकमेकांपासून पाऊण व्यासावर. आपल्या फोटोत कुंकू १३० पिक्सेलचं, त्यावरून तिन्ही जागा काढल्या.

गोंदण वरून रंगवलं तर टिकली चिकटवल्यासारखं दिसतं, कारण शाई कातडीच्या आत असते. छिद्रं तिच्यावरून जातात. म्हणून त्याचा लेअर पायाच्या रंगाच्या वर पण पोताच्या खाली ठेवला. कर्व्ह्ज बंद करून, मूळ फोटोतल्या दुसऱ्या, डहाळीबाहेरच्या ठिपक्याचा रंग घेतला. तो हिरवा कमी आणि पारव्याच्या मानेसारखा जास्त होता. लेअर `Multiply`, ब्रश २२ पिक्सेलचा, मऊ. तिन्ही ठिपके हेतुपुरस्सर थोडे वाकडे काढले आणि ३ पिक्सेलचं `Gaussian Blur` दिलं. वर्षानुवर्षांत शाई पसरलेली असते, तिला धार नसते. वरून पोत आधीच होता, ठिपके त्याखाली जाऊन बसले.

पानाच्या झाकेचा मास्क आता कपाळाच्या डाव्या टोकापुरताच ठेवला.

केस

पान केसांच्या कडेवर, साधारण दीडशे बाय दोनशे पिक्सेलचा भाग झाकून बसलं होतं. आजींचा मधोमध भांग, तेल लावून चापून मागं नेलेले रुपेरी केस, मागं अंबाडा. अशा केसांचा प्रवाह सोपा असतो : भांगातून निघून कपाळाच्या कडेनं कानावरून मागं. तो आधी एका वेगळ्या लेअरवर लाल रेघांनी काढून घेतला. हे न करता केस काढायला बसलेला माणूस वीस मिनिटांनी गवत काढत असतो.

केसही तीन थरांत बांधले. सगळ्यात खाली नुसती छाया : केसांच्या मुळांमधून दिसणारी टाळूची कातडी आणि गडद करडा यांची मिसळ, मऊ ब्रशनं. या वयात कानशिलाकडे केस विरळ होतात, म्हणून कडेला करडा संपवून कातडीत विरघळवला. तरुण मुलीसारखी भरगच्च कड बांधली असती तर टोप घातल्यासारखं दिसलं असतं.

त्यावर बटा. पानाच्या वर, भांगाकडे, लांबट आणि अरुंद पट्ट्या प्रवाहाच्या दिशेनंच लॅसोनं उचलल्या, रुंदीच्या चौपट-पाचपट लांब. चौकोनी तुकडा उचलला की त्याच्या आडव्या कडेवर सगळे केस एकदम तुटतात. प्रत्येक पट्टी वेगळ्या लेअरवर, वॉर्पनं लाल रेघेप्रमाणे वाकवली, टोकांना मास्क. पाच पट्ट्यांत भाग भरला. सगळ्यांची टोकं एका ओळीत येऊ दिली नाहीत.

शेवटी सुटे केस. या फोटोत एक केस जेमतेम एका पिक्सेलचा, लेन्सच्या मऊपणानं दोनाचा दिसणारा. ब्रश २ पिक्सेल, `Shape Dynamics` मध्ये आकार पेनच्या दाबावर. फटकारा नेहमी मुळाकडून टोकाकडे, एका दमात, मनगटातून नव्हे तर कोपरातून. टॅब्लेट नसेल तर पेन टूलनं पाथ काढून `Stroke Path` मध्ये `Simulate Pressure` वर खूण करावी, टोकं निमुळती येतात. रंग चार घेतले, सगळे आजींच्या केसांतूनच : गडद करडा, मधला, रुपेरी आणि तेलानं पिवळसर झालेला पांढरा. शुद्ध पांढरा एकही नाही, तो घेतला की दोरा वाटतो. साठेक केस काढले आणि त्यातले वीस पुसले. कपाळावर उतरणाऱ्या पाच-सहा केसांखाली एका पिक्सेलच्या अंतरावर फिकट सावली दिली, तेवढ्यानं ते कातडीवर टेकले.

हातानं काढलेले केस कॅमेऱ्यानं टिपलेल्यांपेक्षा फार धारदार असतात. त्या लेअरला ०.६ पिक्सेलचं `Gaussian Blur` दिलं. मग पायाच्या रंगाच्या आणि केसांच्या लेअरवर `Add Noise`, `Gaussian`, `Monochromatic`, एक टक्क्याहून थोडं जास्त. शेजारच्या मूळ भागाचा दाणा बघत बघत ठरवायचं.

तपासणी

वर एक काळा-पांढरा लेअर ठेवून आणि त्यावर खूप तिरका, वरखाली वळणारा कर्व्ह लावून पाहिलं. असा कर्व्ह उजेडातला नजरेला न दिसणारा फरक भडक करून दाखवतो. पट्ट्याच्या खालच्या अंगाला, उजव्या भुवईच्या वर, एक हलकी गडद पट्टी उमटली. डहाळीची किनार तिथं माझ्या अंदाजापेक्षा वीस पिक्सेल लांब गेली होती. डहाळी त्या टोकाला कॅमेऱ्याकडे आणखी वाकलेली, म्हणून जास्त पसरलेली. तेवढं पुन्हा बांधलं. मग चित्र आडवं उलटवून २५ टक्क्यांवर पाहिलं. नजर डोळ्यांवर जाऊन थांबली, कपाळावर अडली नाही.

चेहऱ्याबाहेरची डहाळी राहिली होती. फक्त कपाळावरची पुसली तर ती हवेत लटकते. डावीकडची चौकटीपर्यंत पूर्ण काढली. मागं धूसर ऊस होता, क्लोन स्टॅम्पनं दहा मिनिटं. वरच्या कोपऱ्यातली पानं मात्र ठेवली, झाडाखाली बसल्याचं तेवढंच तर कळतं.

फाइल देण्याआधी कपाळाचा तुकडा प्रत्यक्ष प्रिंटच्या आकारात ४ बाय ६ च्या मॅट कागदावर काढला आणि तो हातभर अंतरावर धरला. पोत पडद्यावर दिसत होता त्यापेक्षा दबला होता, मॅटवर दबतोच. पण भरलेल्या पट्ट्यात तो शेजारच्यापेक्षा जरा जास्त दबला होता. `High Pass` च्या लेअरची `Opacity` ५० ची ५८ केली, दुसरा तुकडा काढला, जोड सापडला नाही. तोच तुकडा नातवाबरोबर आजींकडे पाठवला. त्यांनी म्हणे आधी गोंदणाचे ठिपके बोटानं मोजले.